थंडीत दही लागत नाही, उन्हाळ्यात रात्रभरात आंबट: विरजण किती घालायचं आणि बाकी काय बदलायचं

दरवर्षी डिसेंबर आला की हाच प्रश्न येतो. दूध तेच, पातेलं तेच, विरजण तेच, मे महिन्यात दुपारपर्यंत कवडी दही व्हायचं आणि आता रात्रभर ठेवलं तरी सकाळी वर साय आणि खाली दूधच. मग कोणीतरी सांगतं विरजण डबल घाल, ते घातलं की एकतर फरकच पडत नाही नाहीतर दही लागतं पण वरून पाणी सुटलेलं आणि चवीला आंबट. तर विरजण कमीजास्त करायचंच आहे पण ते नेमकं किती आणि त्याने काय होतं काय होत नाही हे आधी नीट बघूया, कारण माझ्या मते बहुतेक घरांत चूक विरजणाच्या चमच्यात नसते, दूध किती वेळ कोमट राहतं त्यात असते.

दही लागतं म्हणजे होतं काय, तर विरजणातले जंतू दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, खातात आणि लॅक्टिक आम्ल बनवतात. आम्ल वाढत गेलं की दुधातलं केसीन नावाचं प्रोटीन एकमेकांना चिकटून जाळं तयार करतं आणि त्या जाळ्यात पाणी अडकून राहतं, तेच आपलं घट्ट दही. ताज्या दुधाचा पीएच साधारण ६.६ च्या आसपास असतो, तो ४.६ च्या जवळ आला की दही पूर्ण बसतं. म्हणजे पुरेसं आम्ल तयार होईपर्यंत दूध पातळच दिसणार, आत काम चालू असलं तरी. यासाठीच थंडीत रात्री दोनला झाकण उघडून बघितलं तर काहीच झालेलं दिसत नाही आणि माणूस घाबरून अजून एक चमचा विरजण ढकलतो.

आता हे जंतू एका जातीचे नसतात. घरच्या विरजणात सहसा मिश्रण असतं, काहींना ४० ते ४५ अंश सेल्सिअस आवडतं (दह्याला खरी आंबट चव आणि घट्टपणा देणारे हेच) आणि काही २५ ते ३० मध्ये सुखाने वाढतात, ते जरा गोडसर, सौम्य दही लावतात. पहिल्या गटाला ४० च्या वर दुप्पट व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो. तेच तापमान २० वर आलं की ते जवळजवळ थांबतात, मरत नाहीत, फक्त थांबतात. दुसरा गट २० ला काम करतो पण खूप हळू. तर थंडीतल्या रात्री होतं असं की दूध कोमट असताना जे काही दोनेक तास मिळतात तेवढ्यात जंतू पळतात, मग दूध गार होतं आणि सगळं जागच्या जागी राहतं.

नागपूरच्या माझ्या मावशीकडचंच उदाहरण घ्या, कारण नागपुरात दोन्ही टोकं बघायला मिळतात, मे मध्ये दिवसा ४४-४५ आणि डिसेंबर-जानेवारीत रात्री १०-१२ च्या आसपास. मुंबईत किंवा रत्नागिरीत राहणाऱ्यांना हा त्रास एवढा जाणवत नाही, तिथे थंडीच कमी, एक चमचा जास्त घातला की भागतं. मावशीची रीत अशी की अर्धा लिटर म्हशीचं दूध उकळायचं, कोमट करायचं, स्टीलच्या पातेल्यात एक लहान चमचा विरजण घालून हलवायचं आणि झाकून ओट्यावर ठेवून द्यायचं. वर्षानुवर्षं हेच. थंडीत दही लागेना म्हणून फोनवर म्हणाली, "अगं दोन चमचे टाकले, चार टाकून पाहिले, तरी पाणीच हाय न बाप्पा."

तिच्याकडे गेले तेव्हा थर्मामीटर लावून बघितलं. विरजण घातलं तेव्हा दूध ४० होतं, एकदम बरोबर. तासाभरात ३० च्या आसपास, दोन तासांत २४-२५. ओटा ग्रॅनाईटचा, खिडकी जराशी उघडी, खोली १७, आणि स्टीलचं पातळ पातेलं. म्हणजे जंतूंना कामाचं असं तापमान मिळालं कसंबसं दीड तास, आणि लागतात चार ते सहा तास.

आता चार चमच्यांनी काय होतं ते बघा, हा हिशोब एकदा डोक्यात बसला की पुढचं सगळं सोपं आहे. जंतू दुप्पट दुप्पट वाढतात. एक चमच्याऐवजी दोन घातले म्हणजे तुम्ही फक्त एक दुप्पट होण्याचा वेळ वाचवला, ४० अंशाला साधारण अर्धा-पाऊण तास. चार घातले म्हणजे दोन वेळा दुप्पट होणं वाचलं, तास-दीड तास. जिथे तीन-चार तासांची ऊब कमी पडतेय तिथे तास-दीड तास वाचवून दही लागणार नाही. वर चार चमचे विरजणाबरोबर तेवढं आम्ल आणि पाणीही आलं, विरजण फ्रिजमधून थेट काढलेलं असेल तर दूध अजून गार झालं, म्हणून लागलं तरी ते दाणेदार आणि पाणचट लागतं. म्हणून मावशीला मी विरजण चारवरून दोन चमच्यांवर आणायला लावलं आणि ऊब वाढवली, आणि सकाळी पातेलं तिरकं केलं तरी हललं नाही असं दही मिळालं.

थंडीत काय करायचं

दूध नीट उकळायचं, नुसती एक उकळी नाही, उकळल्यावर मंद आचेवर पाच-सात मिनिटं चमचा फिरवत ठेवायचं. एवढ्या तापमानाला दुधातली दुसरी प्रोटीनं उलगडून केसीनला चिकटतात आणि दही जास्त घट्ट बसतं, पाणी कमी सुटतं. शिवाय दुधात आधीपासून असलेले बहुतेक जंतू मरतात, ते थंडीत महत्त्वाचं कारण दही हळू लागतं तेव्हा नको असलेल्यांना वाढायला भरपूर वेळ मिळतो. पिशवीच्या पाश्चराइज्ड दुधालाही हे लागू आहे.

मग विरजण घालायचं तापमान. उन्हाळ्यात ३५-३७ चालतं, थंडीत मी ४३-४४ ला घालते कारण पुढे ते खालीच येणार आहे. ५० च्या वर घातलंत तर जंतू दुखावतात किंवा मरतात, आणि दही लागायच्या ऐवजी तळाशी पनीरसारखे तुकडे आणि वर पाणी असं काहीतरी होतं. थर्मामीटर नसेल तर स्वच्छ धुतलेली करंगळी दुधात बुडवा, सावकाश दहा मोजेपर्यंत ठेवता आलं पण गरम जाणवतंय तर ४३-४५ समजा, तीन-चारला बोट काढावं लागलं तर अजून थांबा. हा अंदाज आहे, हात भांडी घासून घासून टणक झाले असतील तर फसवतो, म्हणून स्वयंपाकाचा थर्मामीटर घेतलात तर दह्याचे निम्मे प्रश्न तिथेच संपतात.

विरजण अर्धा लिटरला दोन ते तीन लहान चमचे, म्हणजे साधारण १० ते १५ ग्रॅम. दूध एक लिटर असेल तर चार-पाच चमचे, त्याच्यापुढे जाऊ नका. ते वाटीत काढून तासभर आधी बाहेर ठेवायचं, मोडून गुळगुळीत करायचं, त्यात दोन-तीन चमचे कोमट दूध घालून एकजीव करायचं आणि मग सगळ्या दुधात. असं केलं नाही तर गोळे तळाशी बसतात, तिथे घट्ट आणि वर पातळ, आणि माणूस म्हणतो विरजण कमी पडलं.

मग ऊब. ही खरी गोष्ट. काहीही करा पण दूध चार-पाच तास ३५ च्या खाली जाऊ देऊ नका. पर्याय बरेच आहेत आणि सगळेच चालतात:

हॉटकेस म्हणजे पोळ्यांचा कॅसरोल असेल तर आधी त्यात उकळतं पाणी पाच मिनिटं ठेवून फेकायचं, मग त्यात कोमट विरजलेलं दूध ओतायचं किंवा छोटं पातेलंच आत ठेवायचं, झाकण लावायचं. मला ही रीत सगळ्यात आवडते.

कुकरमध्ये दोन-तीन पेले ४५ च्या आसपासचं पाणी ठेवून (जास्त गरम नको, थेट पातेल्याचा तळ तापतो), त्यात पातेलं, वरून कुकरचं झाकण, शिट्टी नको, गॅस नको. पाणी जितकं जास्त तितकी ऊब जास्त टिकते.

पातेलं जाड टॉवेलमध्ये किंवा शालीत गुंडाळून पिठाच्या डब्यात किंवा गादी-रजईत. गुंडाळण्याने ऊब तयार होत नाही, असलेली फक्त हळू जाते, म्हणून दूध गरम असतानाच गुंडाळायचं, गार झाल्यावर गुंडाळून काही उपयोग नाही. आणि पाव लिटर एवढंसं दूध असेल तर गुंडाळलं तरी गार होतं, थोडं जास्त दूध लावा म्हणजे ते स्वतःच स्वतःला उबदार ठेवतं.

बंद ओव्हनमध्ये किंवा मायक्रोवेव्हमध्ये शेजारी उकळत्या पाण्याचा मोठा पेला ठेवून दार बंद, हे दोन-तीन तासांनी बदलायचं. युरोप-अमेरिकेत राहणारे ओव्हनचा लाईट लावून ठेवतात, जुना बल्ब असेल तर छान ऊब मिळते, एलईडी असेल तर नाही, आत थर्मामीटर ठेवून एकदा बघून घ्या. ज्यांच्याकडे इलेक्ट्रिक प्रेशर कुकरमध्ये योगर्टचं बटण आहे त्यांनी आजच्या चर्चेत फक्त विरजणाच्या मापापुरतं लक्ष द्यावं, ऊब त्यांना मिळतेच.

आणि पातेलं ओट्यावर सरळ ठेवू नका, खाली लाकडी पाट किंवा घडी केलेला टॉवेल. दगडी ओटा तळातून ऊब खेचून घेतो. भांडं शक्यतो जाड, सिरॅमिकचं किंवा मातीचं. मातीचं भांडं वापरायचं तर आधी गरम पाण्याने धुऊन तापवून घ्या, नाहीतर तेच दुधाची ऊब पिऊन टाकतं.

विरजणात हिरव्या मिरचीचे देठ टाकण्याचा सल्ला बरेच देतात. देठावर आंबवणारे जंतू असू शकतात, विरजणच नसेल तेव्हा त्यावर सुरुवात होते हे खरं आहे, पण तुमच्याकडे विरजण असताना मिरचीने थंडी कमी होत नाही. टाकायची असेल तर टाका, ऊब मात्र द्याच.

सकाळी उठून बघितलं तर लागलेलंच नाही, आता

फेकू नका, हलवू नका, वरून अजून विरजण टाकू नका. एक थेंब चाखा.

किंचित आंबट लागतंय, थोडं घट्ट होऊ लागलंय, साय जाड झालीय, तर जंतू जिवंत आहेत आणि काम अर्धवट राहिलंय. पातेलं अलगद उचलून ४५ च्या पाण्यात ठेवा, पाणी पातेल्याच्या दुधाच्या उंचीपर्यंत यायला हवं, वरून झाकण आणि टॉवेल. तास-दोन तासांत बसतं. बऱ्याच वेळा सकाळी सातला पातळ असलेलं नऊला सुंदर अदमुरं दही होतं. हलवायचं नाही कारण जाळं बनायला सुरुवात झाली असेल तर ते मोडतं आणि मग लागलं तरी सैल राहतं, पाणी सुटतं.

अजिबात आंबटपणा नाही, साधं गोड दूध लागतंय, वासही ताजा आहे आणि रात्री थंडी कडक होती, तरीही ऊब देऊन बघा, पण इथे तीन-चार तास जातील. आणि त्यानेही काहीच झालं नाही तर विरजण मेलेलं होतं असं समजा, दूध जास्त गरम असताना घालून मेलं असेल किंवा जुनं असेल. ते दूध पुन्हा उकळून ताज्या विरजणाने लावायचं की नाही हे वासावरून ठरवा, मी तरी अशा दुधाचा चहाच करते, दह्यात जीव घालत नाही.

कडू लागतंय, वास विचित्र आहे, बुडबुडे आलेत, तर ते टाकून द्या. हळू लागणाऱ्या दह्यात हेच होतं, तासन्‌तास २० अंशाला राहिलेल्या दुधात दुसरेच जंतू शिरकाव करतात. ऊब देऊन ते सुधारत नाही.

विरजण स्वतः कसं आहे

थंडीत विरजणाचा दर्जा उन्हाळ्यापेक्षा जास्त महत्त्वाचा ठरतो, कारण उन्हाळ्यात दुर्बळ विरजणालाही वातावरण सांभाळून घेतं. फ्रिजमध्ये चार-पाच दिवसांपेक्षा जास्त ठेवलेलं किंवा आंबून पाणी सुटलेलं विरजण जागं व्हायलाच वेळ घेतं. अति आंबट दह्यात सौम्य चवीचे जंतू आधी दमतात आणि आंबट करणारे टिकतात, म्हणून आंबट विरजणाने लावलेलं दही पुन्हा आंबटच निघतं आणि ही साखळी चालत राहते. उपाय म्हणजे दही ताजं असताना, लागून फ्रिजमध्ये गेल्या गेल्या, उद्यासाठीचे दोन चमचे वेगळ्या छोट्या डबीत काढून ठेवा. शेवटच्या तळातल्या आंबट दह्यातून विरजण काढायची सवय मोडा, जवळजवळ सगळ्या घरांत हे होतं.

विरजण जुनं असेल तर एक दिवस त्याला जागं करायचं. दोन चमचे विरजण, एक वाटी ४२ च्या आसपासचं दूध, उबेत ठेवायचं, तीन-चार तासांत वाटी लागते. मग त्याच वाटीतलं विरजण मुख्य दुधाला. वाटीला सहा-सात तास लागले तर ते विरजण बदला, ताज्या साध्या दह्याने नवीन सुरुवात करा. दुकानातलं घेणार असाल तर साधं बिनसाखरेचं, आणि ज्यावर जिवंत कल्चर असल्याचं लिहिलंय असंच, फळांचं किंवा जास्त टिकावं म्हणून तापवलेलं दही विरजणाला चालत नाही.

दह्याला तार येते, बुळबुळीत लागतं

हा थंडीतलाच प्रकार आणि तो बराच गोंधळात टाकतो. चमचा उचलला की मधासारखी तार येते, चव वाईट नसते पण जीभ नको म्हणते. दुधात काही जंतू चिकट साखरेच्या लांब साखळ्या बनवतात, आणि ते कमी तापमानात म्हणजे २०-२५ ला जास्त जोर धरतात. रोज थोड्याशा थंड दुधात लावलेलं दही त्याच विरजणाने पुन्हा लावत गेलं की दर वेळी हेच जंतू बाकीच्यांच्या पुढे जातात. विरजण वाढवून हे जात नाही, उलट वाढतं. ताप वाढवा म्हणजे ४२-४४ ला लावा आणि उबेत ठेवा, दोन-तीन वेळा तसं लावलं तर बऱ्याचदा सुटतं. सुटलं नाही तर ते विरजण पूर्ण बंद, भांडी उकळत्या पाण्याने धुवा, आणि दुसऱ्या घरचं किंवा विकतचं नवं विरजण आणा. ज्यांच्या दह्याला वर्षभर तार येते त्यांचं विरजणच तसं आहे, त्यांना ऋतू बदलून फरक पडणार नाही.

उन्हाळ्यात उलटं

आता तीच मावशी, तोच ओटा, पण मे महिना. स्वयंपाकघर दिवसा ३८, रात्रीही ३१-३२. इथे दूध गार होतच नाही, विरजण घातल्यापासून जंतूंना हव्या तशा तापमानात ते राहतं, म्हणून एक चमच्याने साडेतीन-चार तासांत दही बसतं. पण ते रात्री दहाला लावायची सवय आहे आणि उठायचं सहाला, म्हणजे आठ तास. बसल्यानंतरचे चार तास जंतू काम थांबवत नाहीत, आम्ल वाढतच जातं, जाळं आकसतं आणि पाणी बाहेर ढकलतं. मग सकाळी आंबट दही आणि वर पिवळसर पाणी.

लोक विरजण अर्धं करतात. बरोबर आहे, पण वरचाच हिशोब उलटा लावा: अर्धं केलं म्हणजे एक दुप्पट होण्याएवढाच उशीर, ३७-३८ ला पाऊण तास. पाव चमचा केलं तर तास-दीड तास. चार तासांचं अंतर यातून भरून निघत नाही, आणि फारच चिमूटभर विरजण घातलं तर सुरुवातीला जंतू कमी असल्यामुळे दुसऱ्या जंतूंना संधी मिळते आणि चव बिघडते. अर्धा लिटरला पाव चमच्याच्या खाली मी जात नाही.

त्याऐवजी तीन गोष्टी करा, एकेक करून बघा. दूध कोमट करायच्या भानगडीत पडू नका, उकळून पूर्ण गार केलेलं किंवा फ्रिजमधलं उकळलेलं दूध थेट घ्या, फ्रिजमधलं गार दूध खोलीच्या तापमानाला यायला दोनेक तास घेतं, म्हणजे तेवढा उशीर आपोआप मिळाला. रात्री लावायचं तर दहाऐवजी साडेदहा-अकराला, पाव ते अर्धा चमचा विरजणात. आणि पाणी भरलेल्या थाळीत मातीचं गाडगं ठेवा, माती पाझरते आणि बाष्पीभवनाने दही खोलीपेक्षा जरा थंड राहतं, शिवाय माती थोडं पाणी शोषते म्हणून दही घट्ट वाटतं. नागपुरात जिथे मे मध्ये हवा कोरडी असते तिथे गाडग्याचा चांगला उपयोग होतो, मुंबईच्या दमट हवेत तेवढा नाही.

मावशीसाठी शेवटी जे ठरलं ते असं: फ्रिजमधलं गार दूध, अर्धा लिटरला अर्धा चमचा, अकराला लावायचं, पहाटे साडेपाचला चालायला उठते तेव्हा बघायचं आणि लगेच फ्रिजमध्ये. बसलंय की नाही हे हलवून नाही, पातेलं जरा तिरकं करून बघायचं, कडेपासून दही एकसंध सुटून सरकलं तर झालं. थोडं कच्चं वाटत असतानाच फ्रिजमध्ये टाकलं तरी चालतं, थंड होता होता ते घट्ट बसतं आणि आंबट मात्र फार होत नाही. दिवसा लावायचं असेल तर सकाळी आठला लावून बारापर्यंत फ्रिजमध्ये, हेच सोपं. फ्रिजमध्येही आंबटपणा अगदी हळू वाढतो, म्हणून तीन-चार दिवसांत संपवा.

उन्हाळ्यातलं अजून एक, दूध उकळून उघडं ओट्यावर चार-पाच तास पडलं असेल तर ते दही लावायला घेऊ नका, ३८ अंशाला दुधात आधीच काहीतरी वाढू लागलेलं असतं आणि विरजण चांगलं असूनही दही फेसाळ, वास मारणारं निघतं.

ऋतू बदलतानाचे दिवस

सगळ्यात जास्त तक्रारी नोव्हेंबरच्या आणि फेब्रुवारी-मार्चच्या आसपास येतात, कारण माप कालच्या हवेचं असतं आणि हवा बदललेली असते. शिवाय विरजणही मागच्या ऋतूचं असतं, उन्हाळाभर गरम दुधात लावलेलं विरजण उबेवर जगणाऱ्या जंतूंनी भरलेलं असतं, त्याला २० अंशाच्या रात्रीत ठेवलं की ते सुस्तावतं. अशा वेळी चमचे मोजत बसण्यापेक्षा खोलीचं तापमान बघा. खोली रात्री २८-३० च्या वर राहतेय तर अर्धा चमचा आणि गार दूध, २४-२७ च्या आसपास असेल तर एक चमचा, दूध ४० ला आणि नुसतं झाकण, २० ते २३ असेल तर दीड-दोन चमचे आणि टॉवेल, १९ च्या खाली गेलं की दोन-तीन चमचे आणि हॉटकेस किंवा गरम पाणी. ही सगळी मापं अर्धा लिटर दुधाची, लहान चहाच्या चमच्याने, सपाट भरून.

दर बदलानंतर दोन दिवस थांबून परिणाम बघा. एका दिवसात विरजण, तापमान, भांडं आणि वेळ चारही बदलले की दही लागलं तरी कशाने लागलं हे कळत नाही आणि पुढच्या थंडीत पुन्हा शून्यापासून. आधी ऊब लावा, विरजण तेच ठेवा. सकाळी घट्ट पण जरा उशिरा बसलं असं वाटलं तर मगच अर्धा चमचा वाढवा. मार्चमध्ये उलट करा, ज्या दिवशी टॉवेल गुंडाळलेलं दही सकाळी पाणी सोडलेलं मिळेल त्या दिवसापासून आधी टॉवेल काढा, विरजण नंतर कमी करा.